बीपीच्या व्हिडिओत क्रियापदं सांभाळा

प्रश्न: अंबाजोगाई भागात आम्ही उच्च रक्तदाबावर पाच मिनिटांचा व्हिडिओ करतोय. बघणारे मुख्यतः ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले. संहिता शुद्ध भाषेत लिहिली की पुस्तकी वाटते, बोलीत लिहिली की आमचे डॉक्टर म्हणतात अर्थ बदलला. दोन्ही कसं सांभाळायचं? वैद्यकीय शब्दांना सोप्या शब्दांची यादी मिळाली तरी चालेल.

उत्तर:

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे, पण यादीनं ते सुटणार नाही. मी अठरा वर्षं मराठवाड्यातल्या गावांसाठी आरोग्याच्या संहिता लिहिते आहे. नामांनी मला फार त्रास दिलेला नाही. बीपी, गोळी, मशीन, अटॅक, किडनी हे शब्द परळीच्या बसस्टँडवर कोणालाही कळतात आणि डॉक्टरांनाही चालतात. घोळ होतो तो क्रियापदांत. बीपी उतरला, बीपी बरा झाला, आटोक्यात आला, गोळी सुटली, गोळी लागू पडली. यातलं प्रत्येक क्रियापद ऐकणाऱ्याला एकच गोष्ट सांगून जातं: काम झालं की अजून चालू आहे. उच्च रक्तदाबात सगळा खेळ तिथेच आहे, कारण मोजमाप नॉर्मल आल्यावरच लोक गोळी बंद करतात.

हे मला एका चुकीतून कळलं. एका संहितेत मूळ वाक्य होतं, ‘नियमित औषधोपचाराने उच्च रक्तदाब नियंत्रणात येतो.’ मी त्याचं केलं, ‘रोज गोळी घेतली की बीपी आटोक्यात येतो.’ डॉक्टरांनी मान डोलावली, मलाही वाक्य छान वाटलं. चित्रीकरण झालं, गावात दाखवलं आणि मागच्या ओळीतले एक शेतकरी काका म्हणाले, “म्हणजे आटोक्यात आला की थांबायचं.” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कापसावरची बोंडअळी आटोक्यात आली की आपण फवारणी थांबवतो. गावात आग आटोक्यात आली की लोक घरी जातात. ‘आटोक्यात येणं’ हे मराठीत काम संपल्याचं क्रियापद आहे. ‘आटोक्यात ठेवणं’ हे मात्र चालू राहणारं आहे. नाम तेच, मागचं क्रियापद बदललं की सगळा उपचार उलटा होतो. तेव्हापासून संहिता हातात आली की मी आधी तिच्यातली क्रियापदं लाल पेनानं गोल करते.

‘पथ्य’ हा शब्द त्याच जातीचा. ‘मिठाचं पथ्य पाळा’ असं प्रत्येक जण लिहितो. पण आपल्याकडे पथ्य असतं बाळंतिणीचं, काविळीचं, आणि ते ठरलेल्या दिवशी सुटतं. पथ्य म्हटलं की वांगं, आंबट, तिखट बंद होतं आणि मीठ मात्र तसंच राहतं. त्यामुळे मिठाबद्दल मी ‘पथ्य’ म्हणत नाही, ‘आता घरात मीठ एवढंच’ असं म्हणते. एवढंच म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. ग्रॅम कोणी मोजत नाही, म्हणून मी पुडीचा हिशेब सांगते. पाच माणसांच्या घरात दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी किमान चाळीस दिवस पुरली पाहिजे. ती वीस दिवसांत संपत असेल तर दुप्पट मीठ पोटात जातंय, आणि लोणचं, पापड, फरसाण यांच्यातलं मीठ तर या पुडीत आलेलंच नाही. बायकांना हे लगेच पटतं, कारण पुडी कधी आणली हे त्यांना पाठ असतं. ‘सैंधव चालतं का?’ हा प्रश्न हमखास येतो. सैंधव हेही मीठच, त्याचंही माप तेच.

तुमच्या पाच मिनिटांत मात्र मिठाला तीस सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. बोलून दाखवायच्या संहितेत मी मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द धरते, त्यातही मधे श्वास, नजर आणि शांतता लागते. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम साडेचारशे-पाचशे शब्द आहेत. एवढ्यात कारणं, लक्षणं, आहार, व्यायाम, औषध, गुंतागुंत सगळं बसवायला गेलात की शब्द आपोआप पुस्तकी होतात. जागा कमी पडली की माणूस समास वापरतो. ऊसतोडीच्या घरांसाठी एकच गोष्ट घ्या: पाच-सहा महिने गाव सोडल्यावर गोळी चुकू नये. बाकी सगळं तिच्या अवतीभवती.

आता नामांपैकी मोजकी, जिथे डॉक्टरांशी बसून ठरवावंच लागतं.

‘उच्च रक्तदाब’ हा शब्द व्हिडिओत एकदाच, डॉक्टरांच्या तोंडी, आणि त्याच वेळी पडद्यावर. कारण तो शब्द पेशंटच्या कार्डावर छापलेला असतो, तो ओळखता आला पाहिजे. त्यानंतर पूर्ण व्हिडिओभर ‘बीपी’. पाहुणा शब्द एकदा आला, ओळख झाली, पुढे घरचा शब्द. आलटून पालटून रक्तदाब, ब्लडप्रेशर, बीपी असं लिहिलं की निम्म्या लोकांना ते तीन आजार वाटतात. बीपी ‘वाढला’ की ‘वाढलं’ हेही एकदा ठरवा आणि तेच सगळ्यांच्या तोंडी द्या. दोन्ही ऐकू येतात, दोन्ही चालतात.

‘मला बीपी आहे’ हे वाक्य शास्त्रशुद्ध नाही, कारण बीपी प्रत्येकाला असतोच. नवशिका डॉक्टर ते दुरुस्त करायला जातो आणि पहिला मिनिट त्यात जातो. पेशंटच्या तोंडी ते तसंच राहू द्या. डॉक्टरांच्या तोंडी लिहा, ‘तुमचा बीपी वाढलेला राहतोय.’ ‘वाढतोय’ नको, ‘वाढलेला राहतोय’. रागानं किंवा जिना चढून घटकाभर वाढलेला बीपी वेगळा आणि रोज वाढलेलाच असणारा वेगळा, हा फरक त्या ‘राहतोय’मध्ये आहे.

‘नस’ जपून वापरा. आपल्याकडे नस दबते तेव्हा पाय बधिर होतो, आणि नस फुटते तेव्हा माणूस जातो. मज्जातंतू आणि रक्तवाहिनी दोघांना एकच शब्द. मी ‘रक्ताच्या नळ्या’ म्हणते. डॉक्टरांना हरकत नसते आणि शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच ठिबकची नळी येते. त्या नळीचा दाखला चांगला आहे, पण त्याची एक बाजू सांभाळावी लागते. मोटरनं पाणी जास्त सोडलं म्हणून नळी फुटली असं चित्र दाखवलं तर लोक म्हणतात, अंगात रक्त जास्त झालंय. मग गोळी म्हणजे ‘रक्त पातळ करायची गोळी’ असा समज होतो. ती गोळी वेगळी, अटॅक येऊन गेलेल्यांना देतात ती. म्हणून चित्रात पाणी वाढवू नका, नळी चिमटीत धरून दाखवा. नळी आवळली की दाब वाढतो, सांधे हळूहळू ढिले होतात आणि एक दिवस कुठेतरी फुटतं. आणि गोळी काय करते? सुरुवातीला बहुतेकांना देतात ती अॅम्लोडिपिन नळीची चिमटी सैल करते. हे वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे, कारण ती गोळी रक्तवाहिन्या सैलावते.

पक्षाघाताला लातूरला, बीडला लोक ‘लकवा मारला’ म्हणतात, म्हातारी माणसं ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. ‘लकवा’ घ्या. ‘वारं गेलं’ हे सुंदर आहे आणि मला ते सोडवत नाही, पण त्यात वाऱ्याची कल्पना आहे. वारं अंगावरून गेलं म्हटलं की तेल लावणं आणि अंगारा हेच पुढे सुचतं. पात्राच्या तोंडी एकदा येऊ द्या आणि लगेच दुसऱ्यानं म्हणावं, ‘लकवा. मेंदूतली रक्ताची नळी फुटली नाहीतर बंद झाली.’ पुढचं वाक्य तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोबडी वळणं आणि लगेच 108 ला फोन.

आकड्यांकडे थोडं नीट बघू, कारण डॉक्टर सगळ्यात जास्त इथेच अडतात आणि बरोबर अडतात. बहुतेक संहितांत असतं, ‘बीपी 140/90 च्या वर गेला तर उच्च रक्तदाब.’ यात तीन गफलती आहेत. पहिली, 140 आणि 90 हे आकडेही त्यात धरायचे आहेत, फक्त त्यांच्या वरचे नाहीत. दुसरी, दोन्ही वाढायला हवेत असं ऐकू येतं, तसं नाही. 138 आणि 94 आलेला माणूस म्हणतो, ‘वरचा तर बरा आहे की.’ तिसरी, एका दिवसाच्या एका मोजमापावरून ठरवत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. हे सगळं एका वाक्यात कोंबलं की ते सरकारी परिपत्रक होतं. मी ते असं सोडते:

“मशीनवर दोन आकडे येतात. एक वरचा, एक खालचा. वरचा एकशे चाळीस किंवा त्याहून जास्त. खालचा नव्वद किंवा त्याहून जास्त. दोन्हीपैकी एक जरी असा आला, तरी दुसऱ्या दिवशी परत मोजायचा. परत तसाच आला, तर डॉक्टरांना दाखवायचं.”

पाच-सहा छोटी वाक्यं, अवघड शब्द एकही नाही, आणि डॉक्टरांना यात दुरुस्त करायला काही सापडत नाही. ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे लोकांचेच शब्द आहेत. सिस्टॉलिक, डायस्टॉलिक किंवा त्यांचे मराठी पर्याय आणायची गरज नाही. ‘मिलिमीटर पारा’ हे एकक बोलूच नका. आणि पडद्यावर आकडे लिहिताना मशीनवर दिसतात तसे, इंग्रजी वळणाचेच लिहा. शाळा न शिकलेली बाईसुद्धा मशीनवरच्या आकड्यांची आकृती ओळखते, मोबाइलमुळे तिला त्यांची सवय असते.

बीपी मोजण्याच्या दृश्यात तर संहितालेखक स्वतःच चूक घडवून आणतो. आपल्याला संवाद हवे असतात, म्हणून पट्टा फुगत असतानाच आशाताई विचारते, ‘काय मावशी, कशी आहे तब्येत?’ आणि मावशी उत्तर देते. बोलताना मोजलेला बीपी जास्त येतो. तुमचा व्हिडिओ गावोगावी चुकीची पद्धत शिकवतो. मोजून होईपर्यंत आवाजाचा रकाना कोरा ठेवा. मशीनचा घरघर आवाज तेवढा येऊ द्या. चित्रात दाखवा: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा दंडावर उघड्या कातडीवर. ब्लाउजची बाही वर गुंडाळून दंडाला काचली असेल तर तेही चुकीचं, बाही सैल हवी. त्याआधी पाच मिनिटं शांत बसलेलं, आणि अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिसरी काही नाही. हे बोलून सांगायचं नाही, दाखवायचं. मी एकदा या शांततेला घाबरून मागे निवेदन घातलं होतं, तर बघणाऱ्यांच्या लक्षात निवेदनच राहिलं आणि पाय लोंबकळत ठेवूनच लोक मोजत राहिले.

बोलीबद्दल. मराठवाड्याची बोली एक नाही. ‘करायलोय’, ‘जायलीय’ हे आपल्या बहुतेक जिल्ह्यांत ओळखीचं, पण एका जिल्ह्यातले काही शब्द दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला परके वाटतात. पात्र अंबाजोगाईकडचं असेल तर तिथल्याच बाईला बोलायला घ्या आणि तिला संहिता पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा, तिला तिच्या शब्दांत बोलू द्या, फक्त तुम्ही लाल गोल केलेली क्रियापदं तिनं बदलायची नाहीत. एवढीच अट. डॉक्टरांना बोली बोलायला लावू नका. टीव्हीवर गावची बोली कायम हशासाठी वापरतात, त्यामुळे डॉक्टर ‘व्हय’ म्हणाले की लोक हसतात आणि थोडे दुखावतात. डॉक्टरांनी साधी प्रमाण मराठी बोलावी, पण छोट्या वाक्यांत.

आता ऊसतोडीच्या घराचं दृश्य. दसऱ्यानंतरचे दिवस, उचल घेतलेली, परवा मुकादमाची गाडी येणार, अंगणात भांडीकुंडी बांधणं चालू आहे. पहिला मसुदा मी असा लिहिला होता:

आशाताई: मावशी, निघालात का कारखान्याला?
मावशी: व्हय बाई, परवा गाडी येतीय.
आशाताई: बीपीच्या गोळ्या घेतल्या सोबत?
मावशी: कशाला? परवाच मोजला की दवाखान्यात. नॉर्मल आला म्हणली सिस्टर. बरं झालं मला.
आशाताई: किती आला?
मावशी: एकशे अठ्ठावीस अन् ब्याऐंशी.
आशाताई: रोज गोळी घेत होतात ना?
मावशी: व्हय, रोज सकाळी.
आशाताई: मग तो बीपी गोळीनं धरून ठेवलाय. गोळी बंद केली की परत वाढतो.
मावशी: पर मला तर काहीच व्हईना. डोकं दुखंना, चक्कर येईना.
आशाताई: पहिल्यांदा मोजला तवा एकशे अडुसष्ट आला होता. तवा तरी काय होत होतं?
मावशी: (हातातली दोरी थांबवून) तवा बी काही होत नव्हतं.

शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीनं पूर्ण व्हिडिओचं मर्म आहे. ‘सायलेंट किलर’चं ‘मूक मारेकरी’ करून काहीच साधत नाही. बीपी दुखत नाही, हे त्या बाईला स्वतःच्या आठवणीतून सापडलं पाहिजे, आणि ते सापडताना तिचा हात थांबलेला दिसला पाहिजे.

डॉक्टरांनी या मसुद्यावर दोन खुणा केल्या. एक, मी पुढे लिहिलं होतं, ‘ही गोळी आता जन्मभर.’ ते म्हणाले, हे कोणाच्या बाबतीत खरं नसेलही. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर आम्ही कधी डोस कमी करतो. मलाही तो शब्द खटकत होताच, कारण ‘जन्मभर’ ऐकून माणूस गोळी सुरूच करत नाही. आम्ही ठेवलं, ‘स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. कमी करायची का, हे डॉक्टर ठरवतील.’

दुसरी खूण होती ‘गोळी बंद केली की परत वाढतो’ यावर. अॅम्लोडिपिनचा असर लगेच जात नाही, काही दिवस अंगात राहतो. बाई गोळी बंद करते, तिसऱ्या दिवशी शेजारच्या मेडिकलमध्ये मोजून घेते, आकडा बरा येतो आणि ती म्हणते, आशाताई खोटं बोलली. म्हणून वाक्य झालं, ‘गोळी बंद केली की लगेच कळत नाही, पण थोड्या दिवसांत बीपी परत वर जातो.’ ही दुरुस्ती मला एकटीला सुचली नसती. डॉक्टर अर्थ बदलला म्हणतात तेव्हा त्यांना विचारा, ‘हे वाक्य खरं मानून पेशंटनं काय केलं तर बिघडेल?’ मग ते शब्दांवर वाद न घालता अशी उपयोगी गोष्ट सांगतात.

उसाच्या फडावरचं उरलेलं सगळं याच दृश्याच्या पुढच्या भागात बसतं. आशाताई कार्ड आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट एका पिशवीत घालायला सांगते. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ते पाकीट दाखवलं की त्याच औषधाची गोळी मिळू शकते, कंपनी आणि रंग वेगळा असला तरी. म्हणूनच व्हिडिओत ‘पांढरी बारीक गोळी’ असं कधी म्हणू नका. पाकिटावरचं औषधाचं नाव जवळून दाखवा. आणि कोपीवर शेजारणीची गोळी उसनी घ्यायची नाही, हेही एका वाक्यात हवं. बीपीच्या काही गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत, आणि कोयत्यावर तरण्या सुना असतात.

गोळीची वेळ जेवणाशी बांधू नका. ‘भाकरीसारखी रोज गोळी’ हे वाक्य मी एकदा मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. एकादशीला बायकांनी भाकरी सोडली तशी गोळीही सोडली. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्यात, शेंगदाण्यात मीठ जास्तच जातं. अॅम्लोडिपिन उपाशीपोटीही चालते, म्हणून ‘उपवास असला तरी पाण्यासोबत गोळी’. रोजे धरणाऱ्यांनी रमजानच्या आधी डॉक्टरांकडून वेळ बदलून घ्यावी. एवढं वाक्य घाला, आपल्या गावांत ते लागतं. आणि अॅम्लोडिपिननं कोणाकोणाचे घोटे सुजतात. लोक म्हणतात किडनी गेली आणि गोळी फेकून देतात. ‘पाय सुजले तर गोळी बंद न करता दवाखान्यात दाखवा’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी असू द्या. आशाताईच्या तोंडी त्याला वजन येत नाही.

चित्रीकरणाआधी एक काम मात्र टाळू नका. संहिता मोबाइलवर नुसती आवाजात रेकॉर्ड करा आणि सहा-सात जणांना एकेकट्यानं ऐकवा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात, त्यामुळे ते विचारूच नका. विचारा, ‘मावशी, हेच तुमच्या जावेला सांगायचंय. कसं सांगाल?’ आणि त्या बोलतात ते शब्दशः लिहून घ्या, तुमच्या भाषेत करू नका. त्यांनी कोणतं क्रियापद वापरलं ते बघा. ‘गोळी घ्यायची’ म्हणाल्या तर ठीक. ‘गोळी घेतली की बरं होतं’ म्हणाल्या तर तुमच्या संहितेत कुठेतरी काम संपवणारं क्रियापद राहिलंय, ते शोधा.

वरचा मसुदा मी असाच सात जणांना ऐकवला. सहा जणांनी बरोबर सांगितलं. सातव्या, साधारण पंचावन्नच्या, दोन हंगाम गोळी सोडलेल्या बाई होत्या. त्या जावेला सांगायचं म्हणून म्हणाल्या, “गोळीनं बीपी अंगात धरून ठेवलाय म्हणे. मग ती घ्यायचीच कशाला? सुटू दे की.”

‘धरून ठेवलाय’ हे माझं आवडतं क्रियापद होतं आणि डॉक्टरांनाही ते पटलं होतं. पण धरून ठेवतात ती वस्तू आपल्याजवळच राहते, हे मराठी ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू आलं. मी त्यांनाच विचारलं, मग कसं म्हणायचं? त्यांनी अंगणात उपणायला ठेवलेल्या ज्वारीकडे बघितलं. शेजारी बैलगाडी उभी होती, जू ओट्यावर टेकलेलं आणि चाकाला दगड लावलेला. त्या म्हणाल्या, “दगड लावलाय म्हणून गाडी उभीय. काढला की उताराला लागंल.”

आता व्हिडिओत आशाताई बोलताना मागे बैलगाडीचं चाक दिसतं, आणि वाक्य आहे: “मावशी, आकडा खाली हाय, कारण तुम्ही रोज गोळी घेताय. चाकाला दगड हाय म्हणून गाडी उभीय.” मग ती गोळ्यांची पिशवी मावशींच्या गाठोड्यात वरच्या वर खोचते.